सातारा की सांगली? चौकशी नेमकी कोणाकडे जावी

व्यवसायाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर येणारी चौकशी योग्य विक्री प्रतिनिधीकडे पोहोचवण्यासाठी दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. ग्राहकाला कोणती वस्तू हवी आहे आणि तो कोठे राहतो. वस्तू ओळखणे तुलनेने सोपे असते. सातारा आणि सांगली या शेजारी जिल्ह्यांत फसगत होते ती गावामुळे.

ठिबक सिंचन संच आणि सौरपंप विकणाऱ्या एका विक्रेत्याचे उदाहरण घेऊ. त्याची कार्यालये सातारा आणि सांगली येथे असून प्रत्येक ठिकाणी ठिबकसाठी एक व पंपासाठी एक, असे चार प्रतिनिधी आहेत. जाहिरातीत क्रमांक मात्र एकच. आलेला संदेश संगणकाने आपोआप वाटावा म्हणून ग्राहकाकडून पिनकोड मागवला जातो. ४१५ ने सुरू होणारा पिनकोड साताऱ्याकडे आणि ४१६ ने सुरू होणारा सांगलीकडे, असा नियम ठरतो. सातारा शहराचा पिनकोड ४१५००१ आणि सांगलीचा ४१६४१६ असल्याने तो बिनचूक वाटतो.

प्रत्यक्षात तो चुकतो. विटा (४१५३११), इस्लामपूर (४१५४०९) आणि शिराळा (४१५४०८) ही गावे सांगली जिल्ह्यातील. तरीही तेथील चौकशी साताऱ्याला जाते. रत्नागिरीचा पिनकोडही ४१५ नेच सुरू होतो. उलट सातारा जिल्ह्यातील वाईचा पिनकोड ४१२८०३ असल्याने तेथील ग्राहक कोणत्याच नियमात बसत नाही. टपाल खात्याने हे आकडे पत्रांच्या वाटपासाठी ठरवले आहेत. जिल्ह्याची हद्द त्यात पाळलेली नाही. मोबाइल क्रमांकावरूनही गाव कळत नाही.

गावाचे नाव लिहायला सांगितल्यास वेगळी अडचण येते. एकच गाव कोणी ‘कराड’ लिहितो, कोणी ‘कऱ्हाड’, तर कोणी इंग्रजी अक्षरांत. इस्लामपूरचे ‘ईश्वरपूर’ असे नामकरण राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केल्याने त्या गावासाठी दोन्ही नावे गृहीत धरावी लागतात.

यावर सोपा उपाय म्हणजे ग्राहकालाच निवडू देणे. व्यवसायांसाठीच्या व्हॉट्सॲप सेवेत एका संदेशाखाली उत्तराची तीन बटणे देता येतात, तर यादीत दहापर्यंत पर्याय. पहिल्या संदेशात ‘ठिबक’, ‘सौरपंप’ आणि ‘इतर’. दुसऱ्यात ‘सातारा जिल्हा’, ‘सांगली जिल्हा’ आणि ‘अन्य जिल्हा’. येथे ‘जिल्हा’ हा शब्द गाळू नये. नुसते ‘सांगली’ वाचून विट्याचा शेतकरी गोंधळतो. तालुका विचारायचा झाल्यास जिल्ह्यानंतरच विचारावा. साताऱ्यात ११ आणि सांगलीत १० तालुके असल्याने २१ नावे एका यादीत मावत नाहीत. साताऱ्याची यादीही दोन भागांत द्यावी लागते.

समजा, विट्याच्या ग्राहकाने ‘ठिबक’ आणि ‘सांगली जिल्हा’ हे पर्याय निवडले. चौकशी सांगलीच्या ठिबक प्रतिनिधीकडे जाते. तो रजेवर असेल तर? केवळ दर विचारला असल्यास साताऱ्याचा ठिबक प्रतिनिधी दूरध्वनीवर उत्तर देऊ शकतो. शेतावर येऊन मोजणी करायची असल्यास सांगलीचाच माणूस हवा, मग तो पंपाचा असला तरी चालेल. हा पर्यायी क्रम आधीच लिहून ठेवावा लागतो. जुना ग्राहक असल्यास मात्र प्रश्न न विचारता त्याच्या पूर्वीच्या प्रतिनिधीकडे संदेश द्यावा. ‘इतर’ आणि ‘अन्य जिल्हा’ निवडणाऱ्यांसाठी, तसेच बटण न दाबता नुसतेच लिहिणाऱ्यांसाठी, एक माणूस नेमलेला असावा. नाहीतर ते संदेश कोणाचेच राहत नाहीत.

चुकीच्या वाटपाची किंमत वेळेत मोजावी लागते. ग्राहकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तासांपर्यंतच त्याला मोकळेपणाने उत्तर देता येते. त्यानंतर पूर्वमंजूर मजकूरच पाठवता येतो आणि त्यासाठी सहसा शुल्क पडते. शनिवारी दुपारी साताऱ्याला गेलेली विट्याची चौकशी सोमवारी सांगलीला पोहोचली, तर ही मुदत केव्हाच संपलेली असते.

असे आपोआप वाटप व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक संगणकीय जोडणीवरच होते. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या मोफत ‘बिझनेस’ ॲपमध्ये संभाषणांना खुणेची लेबले लावता येतात; वाटप हातानेच करावे लागते. दिवसाला मोजक्याच चौकश्या येणाऱ्या दुकानाला तेवढे पुरते.

नियम बरोबर आहे की नाही, हे ओळखण्याची खूण एकच. एका प्रतिनिधीने दुसऱ्याकडे वळवलेल्या चौकश्या दर आठवड्याला तालुकावार मोजाव्यात. एकाच तालुक्यातील चौकश्या वारंवार वळत असतील, तर दोष प्रतिनिधीचा नसून नियमाचा असतो.