एक ‘ला’, दोन नावे

सिद्धेश्वरच्या आसपासच्या वस्त्यांतली आमची मुलं घरी दखनी बोलतात, मदरशात अरबी हरफ गिरवतात आणि शाळेत मराठी व्याकरणाच्या पेपरला बसतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे त्यांचे गोंधळ माझ्याच दारात येतात.

मागे एका मुलीने उत्तरपत्रिका आणून दाखवली. शाळेचं नाव सोडा. ‘मी मुलाला पाहिले’ यातल्या ‘मुलाला’ची विभक्ती तिने चतुर्थी लिहिली होती आणि गुण गेला होता. तिचा सवाल साधा होता, “सर, द्वितीयेलाही स, ला, ते. चतुर्थीलाही स, ला, ते. चिन्ह एकच, मग नावं दोन का?”

मी बीएड केलं, पण या प्रश्नाचं उत्तर मला तिथे कुणी दिलं नव्हतं. ते इतिहासात सापडतं.

संस्कृतात ‘रामम्’ वेगळं आणि ‘रामाय’ वेगळं. रूपं दोन, म्हणून नावं दोन. विभक्ती शब्दात ‘भज्’ हा धातू आहे, म्हणजे वाटणे. नामाची रूपं वाटून मांडायची, असा हिशेब. मराठीपर्यंत येईस्तोवर ही दोन्ही रूपं झिजून गेली आणि दोन्ही कामं ‘ला’ करू लागला. पण व्याकरण लिहिण्याची वेळ आली तेव्हा तक्ता संस्कृताचाच समोर होता. विल्यम कॅरीने 1805 मध्ये सेरामपूरहून मराठीचं व्याकरण इंग्रजीत काढलं. दादोबा पांडुरंगांचं मराठीतलं व्याकरण 1836 चं, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे 1911 मध्ये मोरो केशव दामल्यांचा जाडजूड ग्रंथ आला. या साऱ्या काळात मराठी व्याकरण संस्कृत आणि इंग्रजी या दोन मापांनी मोजलं जात होतं. शाळेतला प्रथमा ते संबोधन हा तक्ता त्याच मापाचा.

इंग्रजीने विभक्तीला ‘केस’ म्हटलं. (मुलांना आधी कोर्टातली केस आठवते, मग डोक्यावरचे.) हा शब्द लॅटिनमधला, त्याचा मूळ अर्थ पडणे. नाम सरळ उभं असतं आणि तिथून ते पडतं, कलतं, अशी ती कल्पना. उर्दूत आपण ‘हालत’ म्हणतो, म्हणजे अवस्था. संधीचं मात्र उलट झालं. इंग्रजीत त्याचा ‘श्रुतिमधुर जोड’ अशा अर्थाचा तर्जुमा झाला, तरी भाषाशास्त्राने शेवटी ‘संधी’ हाच शब्द उचलला. समासाला ‘कंपाउंड’ मिळालं, पण बहुव्रीही इंग्रजी ग्रंथांत बहुव्रीहीच राहिला.

उर्दूचंही दुखणं असंच. जुने कवाइद अरबी-फारसीच्या वळणावर चालत. अरबीत रफा, नसब, जर अशा तीन अवस्था शब्दाच्या शेवटच्या स्वरावरून कळतात. उर्दूत ते स्वरच नाहीत. मौलवी अब्दुल हक यांनी 1914 च्या ‘कवाइद-ए-उर्दू’त या नकलेला हरकत घेतली. उर्दू ही हिंदी कुळातली जबान आहे, तिला अरबीचा अंगरखा बसणार नाही, असा त्यांचा रोख होता. पुढे अनेक वर्षं त्यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम आपल्या मराठवाड्यातूनच, औरंगाबादेतून, चालवलं.

मग ती दोन नावं निव्वळ फालतू का? मला तसं वाटत नाही. रूप एक असलं तरी कामं दोन आहेत, आणि ती ओळखता येतात. माणसाच्या जागी निर्जीव वस्तू घालून बघायची. ‘मी मुलाला पाहिले’चं होतं ‘मी घर पाहिले’. ‘ला’ गळून पडला, म्हणजे ते कर्म, शाळेच्या भाषेत द्वितीया. आता ‘मी मुलाला पैसे दिले’. मुलाच्या जागी शाळा घाला, ‘मी शाळेला पैसे दिले’. ‘ला’ टिकला, म्हणजे ज्याला दिलं तो, चतुर्थी. ही युक्ती बहुतेक वेळा चालते, सगळीकडे नाही. ‘मला भूक लागली’ इथे ना कुणी काही दिलं, ना कुणाला पाहिलं. तिथे तक्ता चतुर्थी म्हणून मोकळा होतो, पण भूक लागलेला माणूस त्या नावात कुठेच दिसत नाही. माझी तक्रार आहे ती इथे. तक्ता पाठ करून घेतला जातो, काम ओळखायला शिकवलं जात नाही.

मी त्या मुलीला म्हटलं, “बेटा, हेच घरच्या बोलीत करून बघ.” ती म्हणाली, “मैं अब्बा कू देखी.” मग जरा थांबून, “मैं घर देखी.” कू गेला. “मैं अब्बा कू पैसे दी… मैं मदरसे कू पैसे दी.” कू राहिला. तिने उत्तरपत्रिका परत हातात घेतली, चतुर्थी खोडलं आणि बाजूला पेन्सिलने द्वितीया लिहिलं.