बादलीत मोजलेलं पाणी

पहाटे कोंबडा आरवला तेव्हा आजीच्या धाकट्या दिराला पहिला जुलाब झाला आणि दिवेलागणीच्या आत त्याला नेलंसुद्धा होतं. हे सांगताना आजीचा आवाज चढायचा नाही, पण एकही तपशील सुटायचा नाही. आषाढी होऊन गेली होती आणि परतलेल्या माणसांबरोबर पटकी गावात शिरली होती. वीस-बावीस वर्षांचा धडधाकट गडी. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले. पोटऱ्यांत गोळे येऊन तो ओरडायचा, मग ओरडायला आवाजही उरला नाही. बोटांची कातडी सुरकुतली. जुलाबाला मळाचा रंग नाही, नुसतं तांदळाचं धुवण. शुद्ध मात्र होती, आणि तो पाणी मागत होता. आजीने तांब्या उचलला तेव्हा सासूने तिचा हात धरला. वरून दिलं की खालून जातं, म्हणून पाणी द्यायचं नाही, अशी तेव्हाची समजूत. ओलं फडकं ओठांवरून फिरवायचं, तेवढीच मुभा होती.

सासू दुष्ट नव्हती. पोटच्या पोराला वाचवायला म्हणूनच तिने तो तांब्या अडवला. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

आमचे थोरले चुलते, अण्णा, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि वारीच्या आरोग्य पथकांबरोबर बरीच वर्षं गेले होते. धट्टाकट्टा माणूस बारा तासांत जातो कसा, असं मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी जमिनीवर बोटाने आकडे मांडले. "पन्नास किलोचा माणूस धर. त्याच्या अंगातलं पाच लिटर पाणी गेलं की मनगटाला नाडी लागत नाही. आणि जोरात पटकी लागली तर तासाला लिटरभर जातं. आता तूच हिशेब कर." रक्तातलंच पाणी आटतं, रक्तदाब पडतो, लघवी बंद होते. जंतू माणसाला पोखरून मारतात असं आपल्याला वाटतं. इथे तो कोरडा पडून मरतो.

आमचे तात्या शेजारीच बसले होते. त्यांना मध्येच त्यांचं स्वतःचं आठवलं. "अण्णा, मला नाही का त्या लग्नाच्या जेवणावरून झाले होते? दोन गोळ्या घेतल्या, संध्याकाळी बंद! खरं औषध गोळीच."

"ते गोळी न घेताही थांबले असते," अण्णा म्हणाले. "आणि पटकीत गोळीने जुलाब कमी होतात, दिवसही कमी लागतात, हे खरंच आहे. पण गोळीला काम करायला वेळ लागतो. तोवर जे पाणी गेलं ते गोळी कुठून आणणार?"

तात्यांना हे पटलं नाही. "मग डॉक्टर गोळी देतात कशाला?" हे त्यांनी दोनदा विचारलं.

पाणी वरून दिलं की खालून जातं, ही सासूबाईंची समजूत डॉक्टरांच्याही मनात फार काळ होती. शिरेतून मिठाचं पाणी देऊन लिओनार्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात पटकीचे मृत्यू खूप कमी केले होते, पण तोंडाने पाजायचा भरवसा कुणाला नव्हता. 1959 साली कलकत्त्यातल्याच शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं, की हा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतडं पाणी बाहेर टाकू लागतं. आतडं फाटलेलं नसतं, सडलेलं नसतं. पुढे कळलं की पाणी आत घेण्याची त्याची एक वाट या रोगातही उघडी राहते. साखर आत जाताना मीठ बरोबर नेते आणि मिठामागे पाणी जातं. नुसतं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी या वाटेने नीट जात नाही, दोन्हींची जोडी लागते.

याची खरी परीक्षा 1971 साली झाली. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले तेव्हा रुग्णालयाच्या जमिनीवरही रोगी होते, आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा अशा पुड्या कलकत्त्यात बांधून घेतल्या. पिंपात पाणी कालवायचं आणि रोग्याच्या आईने, भावाने, बायकोने ते पाजत बसायचं. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्याही खाली आले.

अण्णांनी पाहिलेली एक बाई या सगळ्याहून मला जास्त कळते. वारीतली, चाळिशीची, वजन अंदाजे चाळीस किलो. तळावर आणली तेव्हा नाडी लागत नव्हती आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. या अवस्थेत पाजून भागत नाही. दोन्ही हातांना सुया लावल्या. पहिल्या अर्ध्या तासात सव्वा लिटरच्या आसपास सलाइन धावत सोडलं, पुढच्या अडीच तासांत पावणेतीन लिटर. अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या. पहिल्या दोन संपल्या तेव्हा नाडी बोटाला लागली. तिसऱ्या तासाच्या शेवटी तिने स्वतःहून पाणी मागितलं. उलटी थांबल्यावर, म्हणजे सगळ्यात शेवटी, गोळी दिली.

तळावरच्या खाटेच्या मधोमध भोक, खाली खुणा केलेली बादली. जेवढं बादलीत पडेल तेवढं जलसंजीवनीने भरून काढायचं. घोटभर पाजलं आणि उलटी झाली, तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. अण्णा म्हणत, नातेवाईक इथेच खचतात, कारण पाजल्यावर जुलाब थांबलेले दिसत नाहीत. बादली भरतच राहते. पाहायची ती नाडी, डोळे आणि काही तासांत लघवी होते का, एवढंच. त्या बाईला रात्री लघवी झाली, तेव्हा तिच्या नवऱ्याने ती बातमी तंबूभर सांगितली.

घरात पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आमची मावशी यात मीठ मूठभर टाकायची, "जोरदार" व्हावं म्हणून. अण्णा तिला ओरडायचे. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं, कारण फार मीठ लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. साखर वाढवली तरी जुलाब वाढतात.

एका गोष्टीवर आजी आणि अण्णांचं शेवटपर्यंत जमलं नाही. त्याच साथीत आजीच्या जावेलाही पटकी लागली होती. तिला गोठ्याशेजारच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं, आणि तिथे मडक्यात तांदळाची मीठ घातलेली पेज होती. ती रात्रभर चोरून तीच पीत राहिली आणि वाचली. अण्णांच्या मते पेजेनेच वाचवलं. तांदळाच्या पिठुळातून साखर हळूहळू सुटते आणि पटकीत तांदळाच्या पाण्याने जुलाब कमी होतात, हे पुढे सिद्धही झालंय. आजी म्हणायची, मरीआईने सोडलं. पेजेत मीठ किती होतं, तिला किती जोराची लागण झाली होती, हे आता कुणाला सांगता येणार नाही. अण्णांनाही ते माहीत होतं, तरी दर वेळी ते आजीला विचारायचे, "मडकं केवढं होतं?" आणि आजी दोन्ही हातांनी माप दाखवायची. दर वेळी वेगळं.