स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा

उजळपणासाठी, वांगासाठी किंवा पुटकुळ्यांसाठी स्टेरॉइड असलेले मलम महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावल्याने होणारा त्वचाविकार. त्वचा पातळ होते, ती कायम लालसर दिसते, एकाच आकाराचे पुरळ उठते, गालांवर व नाकाच्या कडेला लाल-जांभळ्या शिरांचे जाळे उमटते आणि गालावर, ओठांवर लव वाढते. मलम थांबवले की चेहऱ्याची आग होते, लावले की ती शमते. या विकाराला स्वतंत्र नाव देण्याचे काम कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ कौशिक लाहिरी आणि अरिजित कुंडू यांनी 2008 मध्ये केले. ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ हे ते नाव. भारतीय डॉक्टरांनीच ते दिले याचे नवल वाटायला नको. गोरेपणाच्या हौसेला आपल्याकडे ही मलमे जितक्या सहज मिळत होती, तितक्या सहज ती फार थोड्या ठिकाणी मिळत असतील.

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी हे मलम घरात येते ते बहुतेक वेळा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. जावेने वापरलेले असते, पार्लरमध्ये सांगितलेले असते, किंवा मेडिकलमध्ये ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हटल्यावर मिळालेले असते. हे नुसते गावगप्पांवरून म्हणायचे नाही. देशातील 12 केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांची पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या सुमारे 59 टक्क्यांना ते डॉक्टरांखेरीज दुसऱ्याच कोणीतरी सुचवले होते. साधारण 29 टक्के लोक त्याच्याकडे गोरेपणाचे किंवा रोजचे क्रीम म्हणूनच पाहत होते.

मलमाचा गुण आणि अवगुण यांचे मूळ एकच आहे. स्टेरॉइड त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकते. लाली जाते, त्वचा फिकट होते. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी मंदावतात, आणि दाह दबल्यामुळे पुटकुळ्याही बसतात. आठ-दहा दिवसांत चेहरा ‘साफ’ दिसतो, आणि तो खरोखरच तसा दिसतो. वापरणारीची नजर फसत नसते. पण तेच स्टेरॉइड वरच्या थरातील पेशींची वाढ रोखते आणि आतल्या थरात कोलाजेन बनू देत नाही. कोलाजेन हा त्वचेचा आधार. तो विरळ झाला की रक्तवाहिन्यांना धरून ठेवणारे काही उरत नाही. त्या सैल होऊन फुगतात आणि पातळ झालेल्या त्वचेखालून दिसू लागतात. ज्या वाहिन्या आधी आकसल्यामुळे चेहरा उजळला, त्याच पुढे शिरा म्हणून वर येतात.

चेहऱ्यावर हे लवकर होण्याचे कारण जागेत आहे. औषध त्वचेतून किती आत जाते हे शरीरभर सारखे नसते. हायड्रोकॉर्टिसोनवरील 1967 च्या प्रसिद्ध मोजणीत हाताच्या आतल्या बाजूला एक धरले, तर कपाळावर ते सहापट आणि जबड्याच्या कोपऱ्यावर तेरापट शोषले गेले. पापणी त्याहून नाजूक. म्हणून तळपायाच्या इसबाला चालणारी ट्यूब गालाला चालत नाही, आणि डोळ्यांभोवती ती फार काळ लावल्यास मोतीबिंदू व काचबिंदूचा धोका असतो.

एक नमुना-चित्र घेऊ. व्यक्ती कल्पित आहे, क्रम मात्र त्वचारोगाच्या ओपीडीत नेहमी दिसणारा आहे. बाभुळगाव तालुक्यातील तिशीची बाई. दुसऱ्या बाळंतपणानंतर गालांवर वांग आले. दिवाळीपासून कापूस वेचायला उन्हात असल्याने ते गडद झाले. कोणीतरी वांगावरची तिहेरी ट्यूब सांगितली. आपल्याकडे या ट्यूबमध्ये बहुधा हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के आणि मोमेटासोन 0.1 टक्का असते. हे औषध खोटे नाही. वांगावर तज्ज्ञ ते देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या अशाच मिश्रणात कितीतरी सौम्य स्टेरॉइड आहे, फ्लुओसिनोलोन 0.01 टक्का, आणि तरीही त्याची मुदत आठ आठवड्यांची आहे. मोमेटासोन त्याहून बरेच तीव्र, आणि आपल्या बाईला मुदत कोणी सांगितलेलीच नाही.

ती रोज रात्री वाटाण्याएवढे, म्हणजे साधारण पाव ग्रॅम मलम चोळते. 15 ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरते. पहिली ट्यूब संपते तेव्हा वांग फिके झालेले असते आणि लग्नसराईत लोक चेहऱ्याचे कौतुक करतात. दुसऱ्या ट्यूबला पूर्वीइतका गुण येत नाही, म्हणून ती सकाळीही लावू लागते. आता महिन्याला एक ट्यूब. सहाव्या-सातव्या महिन्यात चुलीपुढे बसले की गाल पेटल्यासारखे होतात, उन्हात चुणचुणतात, साबण झोंबतो. हनुवटीवर आणि गालांवर बारीक लाल पुरळ येते. वयात येतानाच्या पुटकुळ्यांत काही काळ्या टोकांच्या, काही पिकलेल्या, काही बसत आलेल्या अशा सगळ्या अवस्था एकत्र दिसतात. स्टेरॉइडचे पुरळ एकाच वेळी पेरल्यासारखे, एका मापाचे असते. ही खूण ओळखायला सोपी आहे आणि ती सहसा चुकत नाही.

घाबरून ती मलम बंद करते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा लालबुंद होतो, सुजतो, खाजतो, पुरळ दुप्पट होते. इतके दिवस दाबून ठेवलेल्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात आणि दबलेला दाह उसळतो. आरशापुढे मात्र याचा अर्थ उलटा लागतो. ‘क्रीम सोडली का चेहरा खराब होते,’ असे ती जावेला सांगते आणि नवी ट्यूब उघडते. एका रात्रीत आग शमते. त्यामुळे मलम गुणकारी आहे याचा तिला दुसऱ्यांदा पुरावा मिळतो, आणि पहिल्या पुराव्याइतकाच तोही डोळ्यांना खरा असतो. माझ्या मते या विकाराचा गाभा शिरांपेक्षा या गैरसमजात आहे. स्टेरॉइड वाईट असते एवढे सांगून बाई मलम सोडत नाही. सोडल्यावर आधी बिघडणार आहे, हे तिला सोडण्यापूर्वी माहीत असावे लागते.

उपचाराची सुरुवात म्हणूनच मलम थांबवण्याच्या बोलण्यापासून होते. काही डॉक्टर तीव्र मलम एकदम बंद करतात. वापर वर्षानुवर्षांचा असेल तर काही जण 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारख्या सौम्य मलमावर आणून, दिवसाआड करत ते सोडवतात. दाह आवरण्यासाठी स्टेरॉइड नसलेले टॅक्रोलिमस मलम देतात. ते पहिले काही दिवस स्वतःच जळजळते, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण तेही फेकून देतो. पुरळ जास्त असल्यास डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काही आठवडे चालतात, गरोदरपणात मात्र नाही. बाकी शक्य तितके कमी करायचे: बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि वेचणीला जाताना चेहऱ्यावर ओढलेला सुती स्कार्फ. फेशियल, ब्लीच, स्क्रब, लिंबू, हळदीचा लेप हे सगळे बंद. पातळ झालेल्या त्वचेला घरगुती उपायही रसायनाइतकेच झोंबतात.

उसळी काही आठवड्यांत उतरू लागते; जुन्या वापरात काही महिने लागतात, आणि मध्येच एखादी लहान लाट पुन्हा येते. पुरळ बहुधा पूर्ण जाते. त्वचेची जाडी बऱ्याच अंशी भरून येते. लव हळूहळू कमी होते. शिरा मात्र आपणहून फारशा जात नाहीत, त्यांना लेझर लागतो, आणि त्यासाठी मोठ्या शहरात खेपा घालाव्या लागतात. ज्या वांगासाठी हे सारे सुरू झाले तेही परत दिसू लागते, कित्येकदा आधीपेक्षा गडद. हायड्रोक्विनोन फार काळ चालले असेल तर निळसर-करडे डागही राहू शकतात, आणि ते वांगाहून हट्टी असतात.

निदानाला सहसा तपासण्या लागत नाहीत. चेहरा पाहणे आणि ‘काय काय लावता?’ हा प्रश्न दोन-तीनदा विचारणे पुरते, कारण पहिल्या वेळी उत्तर ‘काही नाही’ असे येते; रोजचे क्रीम औषध म्हणून मोजलेच जात नाही. गजकर्णावरही हेच मलम लावलेले असेल तर त्याची ओळखीची कडा पुसली जाते आणि बुरशी चेहराभर पसरूनही ओळखू येत नाही. अशा वेळी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. पारा असलेली उजळपणाची क्रीम ही वेगळी भानगड आहे. अकोल्यातील एकाच घरातील तरुणी, तिची आई आणि बहीण यांना ब्युटीशियनकडून घेतलेल्या क्रीमनंतर मूत्रपिंडाचा विकार झाला, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममधला पारा उघड झाला. 2023 च्या सुरुवातीला हे प्रकरण वृत्तपत्रांत गाजले. पाऱ्याचे नुकसान मूत्रपिंडात लपते, स्टेरॉइडचे चेहऱ्यावर दिसते. दोन्हींची डबी मात्र एकाच काउंटरवर असू शकते.

ही मलमे इतकी वर्षे बिनचिठ्ठीची विकली गेली त्याला कायद्यातील एक ओळ कारणीभूत होती. चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या ‘शेड्यूल एच’ यादीतून बाहेरून लावायच्या औषधांना सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने बराच काळ पाठपुरावा केल्यानंतर मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइडांची मलमे त्या यादीत घातली. तेव्हापासून त्या ट्यूबवर ‘आरएक्स’ ही खूण आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याची सूचना असायला हवी. घटकांत क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल तर ती सौंदर्यप्रसाधनाची ट्यूब नव्हे, मग खोक्यावर कितीही उजळ चेहरा छापलेला असो. नाव इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असते. मोबाइलने फोटो काढून मोठा केला की वाचता येते.

या नियमातून सुटते ती पार्लरमध्ये कालवलेली, बिनलेबलची डबी. तिच्यावर घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, मुदत नाही. ती हळदीची आहे की क्लोबेटासोलची, हे वासावरून किंवा रंगावरून कळत नाही. थांबवल्यावर चौथ्या दिवशी चेहरा पेटला तरच संशय घट्ट होतो. म्हणून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना रिकामी झाली असली तरी ती डबी, आणि घरातल्या सगळ्या ट्यूबा, पिशवीत घालून सोबत न्याव्यात.