डोमेन-स्थलांतर आणि भरकटलेला मेल

डोमेन-स्थलांतर म्हणजे डोमेनचे नाव कायम ठेवून त्याच्या सर्व वा काही सेवा एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर नेणे. `MX` नोंद म्हणजे त्या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यावा हे डीएनएसमध्ये जाहीर करणारी नोंद. मेल-होस्टिंग म्हणजे टपालपेट्या प्रत्यक्ष सांभाळणारी व्यवस्था. नोंद बदलली म्हणजे व्यवस्था बदलली, असे नव्हे. पुढील विवेचन या भेदावर उभे आहे.

न पोचलेल्या मेलचे प्रकार तीन. (१) विलंबित : नोंदीतला सर्व्हर उत्तर देत नाही, पाठवणारा सर्व्हर सामान्यतः चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतो. (२) नाकारलेला : सर्व्हर आहे, पेटी नाही, प्रेषकाला तसे कळवले जाते. (३) भरकटलेला : चुकीच्या सर्व्हरवरील पेटीत तो रीतसर स्वीकारला जातो. पहिले दोन प्रकार आपला बोभाटा आपणच करतात. तिसऱ्यात प्रेषकाच्या दृष्टीने मेल पोचलेला असतो, म्हणून तोच विचारार्ह.

भरकटण्याची कारणे दोन. पहिले, जुन्या नोंदीची साठवण : नोंदीची मुदत १४४०० सेकंद असेल, तर चार तासांपर्यंत काही सर्व्हर जुन्याच पत्त्यावर मेल देतात. हे कारण कालांतराने आपोआप संपते. दुसरे संपत नाही : जुना सर्व्हर त्या डोमेनला अजून आपलेच समजतो. आपल्याच डोमेनसाठी तो `MX` विचारतच नाही; मेल थेट आपल्याकडील पेटीत टाकतो.

उदाहरणार्थ, पेडणे तालुक्यात मांद्रे येथील एक अतिथिगृह घेऊ. त्याचे संकेतस्थळ जुन्या होस्टिंगवरच राहिले, मेल मात्र दुसऱ्या सेवेकडे गेला. `MX` अचूक बदलली. जीमेलवरून येणारी विचारणा नव्या पेटीत पोचते. परंतु संकेतस्थळावरील आरक्षणाचा अर्ज जुन्याच सर्व्हरवरून मेल पाठवतो. तो येत नाही. डिचोलीतील पुरवठादाराची बिलेही येत नाहीत, कारण त्याचे डोमेन योगायोगाने त्याच सर्व्हरवर आहे. मालक पुरवठादाराला दोष देतो आणि पुरवठादार आपल्याकडील ‘पाठवले’ची नोंद दाखवतो. दोघेही आपापल्या पुराव्यापुरते बरोबर असतात.

निदानाचा क्रम असा. प्रथम जाहीर नोंद पाहावी :

```
dig +short MX nava.example
```

येथे नवा सर्व्हर दिसला, तर दोन चाचणी-मेल पाठवावेत : एक बाहेरून, एक जुन्या सर्व्हरवरून. नोंदीची मुदत उलटल्यावरही फक्त पहिलाच पोचला, तर दोष दुसऱ्या कारणाचा. सीपॅनेलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ `Local` ऐवजी `Remote Mail Exchanger` करावे.

ही दुरुस्ती केवळ पुढील मेलला लागू होते. आधीचा मेल जुन्या पेटीतच पडून असतो. तो आयमॅपने नव्या पेटीत उतरवून घेतल्याशिवाय जुनी खाती बंद करू नयेत.