खंडोबाचा वार

आमच्या घोडेगावातून रविवारी कुणी ना कुणी धामणीच्या खंडोबाला निघतंच. सुटी असते म्हणून जातात, असं मला वाटायचं. इतिहास वाचला तेव्हा कळलं, गोष्ट उलटीही आहे. सुटी मागताना खंडोबाच कामी आला होता.

१८८४ साली मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. त्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरवली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या अर्जात रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार मागितला होता. रविवारच का? लोखंड्यांचं म्हणणं होतं, तो आपल्या खंडोबाचा वार आहे. दमलेल्या अंगाला विसावा आणि देवाला वेळ, दोन्ही एकाच मागणीत आलं.

मालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी, म्हणजे जवळपास सहा वर्षांनी.

पण ही सुटी गिरणीच्या फाटकाआतली होती. आमच्या एसटी स्टँडसमोर सातही दिवस हातगाडी लावणाऱ्याला अर्ज करायला मालकच नाही. एक दिवस गाडी लावली नाही, तर त्या दिवसाची कमाई बुडते. खंडोबाचा वार त्याचाही आहे, पण तो त्याने कुणाकडे मागायचा?