हाताने अडवलेला गोल

पेनल्टी किकची कुळकथा बहुधा 14 फेब्रुवारी 1891 या दिवसापासून सांगितली जाते. नॉटिंगहॅममधल्या ट्रेंट ब्रिज मैदानावर एफए कपची उपांत्यपूर्व फेरी चालू होती आणि नॉट्स काउंटी स्टोकविरुद्ध एका गोलने पुढे होती. सामना संपत आलेला असताना स्टोकचा एक फटका गोलरक्षकाला चकवून आत निघाला, तेव्हा काउंटीचा बचावपटू हेंड्री याने गोलरेषेवर तो सरळ हाताने अडवला. स्टोकला फ्री किक मिळाली आणि तीही गोलपासून अगदी हाकेच्या अंतरावर. मात्र त्या काळच्या नियमाप्रमाणे फ्री किकवरून थेट गोल होत नसे. चेंडू आधी दुसऱ्या कुणाला तरी लागावा लागे. शिवाय चेंडूपासून सहा यार्ड दूर राहण्याचे बंधन गोलरेषेवर उभ्या असलेल्या बचावपटूंना लागू नव्हते. काउंटीचा सारा संघ गोलच्या तोंडाशी दाटीवाटीने उभा राहिला, किक मारताच गोलरक्षक थ्रेव्हजने चेंडू अंगाखाली दाबला आणि स्टोकचा संघ हरला. काउंटीने पुढे अंतिम फेरी गाठली. तिथे ब्लॅकबर्न रोव्हर्सने त्यांना 3-1 असे हरवले, पण स्टोकच्या दृष्टीने त्याला आता काही अर्थ नव्हता.

गोष्ट रंगतदार आहे, म्हणूनच ती मूळकारण म्हणून खपली. पण तारखा पाहिल्या की अडचण होते. पेनल्टी किकचा प्रस्ताव या सामन्याच्या आधीच, जून 1890 मध्ये, नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळापुढे आला होता. आयरिश फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस जॅक रीड यांनी तो मांडला. कल्पना होती विल्यम मॅक्रम यांची, म्हणजे आर्मा परगण्यातल्या मिलफर्ड गावच्या लिननच्या कारखानदार घराण्यातल्या तरुणाची. हे गृहस्थ मिलफर्ड एव्हर्टन संघाचे गोलरक्षक होते, आणि त्या संघाने आयरिश लीगच्या पहिल्याच हंगामातले चौदाच्या चौदा सामने हरून 62 गोल खाल्ले. गोलरक्षकालाच एकटे उघड्यावर उभे करणारा नियम गोलरक्षकाने सुचवावा, हे एरवी विचित्र वाटेल. पण गोलमुखासमोर काय काय चालते हे त्याच्याइतके जवळून दुसरे कोण पाहणार? प्रस्ताव 'आयरिश माणसाची सूचना' म्हणून चेष्टेवारी नेला गेला आणि वर्षभर पुढे ढकलला गेला. हेंड्रीच्या हाताने नियमाला जन्म दिला नाही, त्याने फक्त विरोधकांचे तोंड बंद केले. आदल्याच डिसेंबरात स्कॉटिश कपमध्ये हार्ट्सच्या अॅडम्सने ईस्ट स्टर्लिंगशरचा चेंडू असाच हाताने रोखला होता, म्हणजे हा एकट्या स्टोकचा दुर्दैवाचा फेरा नव्हता.

मग खेळाला या नियमाची गरज का पडली? रूढ उत्तर असे की पैसा आला आणि नीती गेली. 1885 मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली, 1888 मध्ये लीग सुरू झाली, जिंकण्याला किंमत आली, आणि सद्गृहस्थांच्या खेळात लबाडी शिरली. हौशी खेळाडूंचा आक्षेप याच सुरात होता. कोरिंथियन्ससारख्या संघाला पेनल्टीचा नियम म्हणजे आपल्यावरचा आरोपच वाटे. सद्गृहस्थ मुद्दाम पाय घालतो किंवा हात लावतो हे गृहीत धरणेच त्यांना अपमानास्पद होते. पण हे उत्तर पुराव्यापुढे टिकत नाही. कारण 1882 मध्ये, व्यावसायिकता अजून नियमबाह्य असताना, हाताने चेंडू अडवून हमखास गोल हुकवला तर गोलच बहाल करावा असा नियम आला होता. ज्या लबाडीचा दोष पुढे पगारी खेळाडूंच्या माथी मारला गेला, तिच्यावर तोडगा शोधण्याची वेळ आधीच आली होती. दोष माणसांपेक्षा हिशेबात होता. गोलजवळ गुन्हा करून मिळणारा लाभ मोठा आणि त्याची शिक्षा नाममात्र, इतकेच नव्हे तर किक घेईपर्यंत बचावाला जमवाजमव करायला सवडही मिळे. अशा नियमाखाली प्रामाणिक खेळाडूच तोट्यात जातो. पैशाने हा तोटा मोठा केला, पण तो निर्माण केला नियमाने.

यावर कुणी म्हणेल, मग 1882 चाच नियम चांगला होता, हुकवलेला गोल देऊन टाकावा, किकचा खटाटोप कशाला? तो नियम एकच हंगाम टिकला, आणि तो टिकणे का अवघड होते हे समजण्यासारखे आहे. 'हमखास' गोल कशाला म्हणायचे? चेंडू बाहेर जाणार होता की खांबाला लागणार होता, याचा, म्हणजे न घडलेल्या गोष्टीचा, निवाडा पंचाने द्यायचा. आणि फुटबॉलमध्ये एक गोल म्हणजे बहुधा सगळा सामना. पेनल्टी किकचे चातुर्य इथे आहे. ती गोल देत नाही, हिरावलेली संधी परत देते, आणि उरलेल्या शंकेचा निकाल पंचाऐवजी मारणारा व अडवणारा यांच्यावर सोपवते. पंचाने फक्त गुन्हा झाला का एवढेच ठरवायचे.

2 जून 1891 रोजी ग्लासगोत झालेल्या बैठकीत नियम मंजूर झाला. त्याचे पहिले रूप आजच्यापेक्षा बरेच वेगळे होते. स्वतःच्या गोलरेषेपासून बारा यार्डांच्या आत कुणी मुद्दाम पाय घालून पाडले, धरले किंवा हाताने चेंडू खेळला, आणि समोरच्या संघाने दाद मागितली, तर किक मिळे. ठरलेला बिंदू नव्हता. मैदानाच्या पूर्ण रुंदीभर आखलेल्या बारा यार्डांच्या रेषेवर कुठूनही मारता येई. बाकीचे सगळे चेंडूच्या निदान सहा यार्ड मागे, आणि गोलरक्षकाला मात्र सहा यार्ड पुढे येण्याची मुभा. ही मुभा लहान वाटते, पण मोजून पाहावी. गोल आठ यार्ड रुंद. बरोबर समोरून बारा यार्डांवरून मारलेल्या किकला गोलरक्षक निम्म्या वाटेवर येऊन थांबला, तर तिथे त्याला अडवायची रुंदी चारच यार्ड राहते. वर मारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याचे अंग मोठे दिसते, ते वेगळेच. म्हणजे 1891 ची पेनल्टी आजच्यापेक्षा बरीच सौम्य होती. गोलरक्षकाला रेषेवर बांधले ते 1905 मध्ये.

पूर्ण रुंदीच्या पट्ट्याने मात्र उलटी चूक केली. कोपऱ्याच्या निशाणाजवळ, जिथून गोल होण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, तिथे कुणी पाय घातला तरीही शिक्षा तीच. हिरावलेली संधी परत द्यायची, हे ज्याचे समर्थन, तोच नियम इथे नसलेली संधी देऊ लागला. कोरिंथियन्स मिळालेली किक मुद्दाम बाहेर मारत आणि त्यांचा गोलरक्षक विरोधकांच्या किकला खांबाला टेकून उभा राहत असे, अशा कथा आहेत. त्यांचा राग मला पटत नाही, पण शिक्षा प्रमाणाबाहेर जाऊ शकते ही भीती अगदीच पोकळ नव्हती. तिला उत्तर मिळाले 1902 मध्ये. पूर्ण रुंदीची रेषा गेली, गोलसमोर अठरा यार्ड खोल आणि चव्वेचाळीस यार्ड रुंद असा चौकोन आखला गेला, आणि त्याच्या आत बारा यार्डांवर एक ठिपका पडला. कोपऱ्यावरचा गुन्हा पुन्हा साध्या फ्री किकच्या वाट्याला गेला.