निशाणी कोणाची, मेहनत कोणाची?

२९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉकही होतं. कोट्यवधी भारतीय ते वापरत होते, आणि त्यात शहरांतल्या मोठ्या कलाकारांपेक्षा गावखेड्यातली, मोहल्ल्यातली, कारखान्यात राबणारी माणसं जास्त होती. बंदी आली तेव्हा अनेकांकडे स्वतःच्या कामाची एकच प्रत उरली होती. टिकटॉकमधून फोनमध्ये उतरवून घेतलेला व्हिडिओ, आणि त्याच्या कोपऱ्यात नाचणारी टिकटॉकची निशाणी. त्या निशाणीची पुढची गोष्ट आज व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

टिकटॉकवरून व्हिडिओ उतरवला की त्यावर कंपनीचं चिन्ह आणि व्हिडिओ टाकणाऱ्याचं खातेनाव उमटत असे. हा वॉटरमार्क एका जागी थांबत नसे. काही सेकंद डाव्या बाजूला वर, मग उजव्या बाजूला खाली. शेवटी पुन्हा चिन्हाचा छोटा तुकडा. यामागचा हिशेब सरळ होता. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर जावो की फेसबुकवर, पाहणाऱ्याला कळलं पाहिजे की हा माल कुठल्या दुकानातला. लोकांनी दुसरीकडे टाकलेला प्रत्येक व्हिडिओ टिकटॉकची फुकट जाहिरात ठरला. शिवाय निशाणी जागा बदलत असल्यामुळे एखादी कड कापून ती घालवता येत नसे.

बंदीनंतर रिकामी झालेली जागा भरायला सगळे धावले. ८ जुलै २०२० ला इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवातही भारतातूनच केली. मोज, जोश यांसारखी देशी अॅपही पुढे आली. साहजिकच लोकांनी जुने व्हिडिओ उचलून नव्या जागी टाकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलं की दुसऱ्या अॅपचं चिन्ह दिसणारे व्हिडिओ रील्समध्ये कमी पुढे केले जातील. म्हणजे व्हिडिओ काढून टाकला जात नव्हता, आपल्या फॉलोअर्सना तो दिसत होता. पण अनोळखी माणसांपर्यंत त्याला नेणारी वाट अरुंद झाली. त्याच वर्षी यूट्यूबने शॉर्ट्स बनवणाऱ्यांसाठी निधी ठेवला, तेव्हा दुसऱ्या प्लॅटफॉर्मचा वॉटरमार्क असलेले व्हिडिओ त्यातून वगळले. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये यूट्यूबने स्वतःच उतरवलेल्या शॉर्ट्सवर आपलं चिन्ह लावायला सुरुवात केली. थोडक्यात, प्रत्येक दुकानदाराला आपली निशाणी बाहेर जायला हवी होती, दुसऱ्याची आत यायला नको होती. मधल्या मध्ये कारागीर अडकला.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, सोलापुरातला एक शिंपी शेरवानीची कॉलर कशी बसवायची हे चाळीस सेकंदांत दाखवतो. त्याच्याकडे निशाणी असलेलीच प्रत आहे. ती साफ करता येईल का?

निशाणी हा व्हिडिओवर ठेवलेला कागद नाही की उचलला आणि बाजूला केला. व्हिडिओ उतरवताना ती चित्राच्या ठिपक्यांमध्येच मुरते. तिच्याखाली कापडाचा जो भाग होता, तो त्या फाईलमध्ये उरलेलाच नसतो. शिंप्यापुढे दोन वाटा राहतात. पहिली, कडा कापणं. उभा व्हिडिओ साधारण १०८० बाय १९२० ठिपक्यांचा असतो. निशाणी वरही येते आणि खालीही, म्हणून दोन्हीकडून १६० ठिपके कापले असं धरू. उंची उरली १६००. उभा आकार तोच ठेवायचा तर रुंदी ९०० वर आणावी लागेल. म्हणजे चित्राचा जवळपास तीस टक्के भाग गेला, आणि उरलेला ताणून पुन्हा पूर्ण पडद्याएवढा करावा लागला. टाक्याचा बारकावा दाखवणाऱ्या व्हिडिओत नेमका टाकाच धूसर होतो. दुसरी वाट, निशाणीच्या जागी धुरकट पट्टा मारणं. निशाणी जागा बदलते, म्हणून पट्टेही दोन लागतात, आणि पाहणाऱ्याला लगेच कळतं की इथे काहीतरी पुसलंय.

म्हणून खरं उत्तर पुसण्यात नाही. निशाणी लागण्याआधीची फाईल जपण्यात आहे. शिंप्याने फोनच्या साध्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करावं, कुठल्याही प्लॅटफॉर्मच्या कॅमेऱ्याने नाही. कापणं, जोडणं, अक्षरं टाकणं हे वेगळ्या एडिटिंग अॅपमध्ये करावं. अक्षरं इन्स्टाग्रामच्या आत टाकली तर ती फक्त तिथल्याच प्रतीत राहतात. काही एडिटिंग अॅप शेवटी स्वतःच्या नावाचा तुकडा जोडतात. फाईल बाहेर काढण्याआधी तो निवडून काढून टाकावा. मग तयार झालेली एकच एमपी४ फाईल प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे चढवावी. एका ठिकाणी टाकून, तिथून उतरवून दुसरीकडे न्यायची नाही. चूक बहुतेक वेळा इथेच होते.

आवाजाचं गणित वेगळं आहे. अॅपच्या संग्रहातलं गाणं वापरण्याची परवानगी त्या अॅपपुरतीच असते. त्यामुळे ते गाणं लावून फोनमध्ये जतन केलेली प्रत कधी मुकी निघते, आणि आवाज टिकला तरी दुसरीकडे हक्काची हरकत येऊ शकते. शिंप्याने मूळ फाईलमध्ये फक्त स्वतःचा आवाज आणि मशीनची खडखड ठेवावी. गाणं हवंच असेल तर प्रत्येक प्लॅटफॉर्मवर तिथल्याच संग्रहातून लावावं.

फाईल एका फोनवरून दुसऱ्यावर पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नये, ती दाबली जाऊन धूसर होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. आणि टाकण्याआधी ती फोनच्या गॅलरीत उघडून पाहावी. अॅपमध्ये पाहिलं तर त्याची स्वतःची बटणं आणि नावं वर दिसतात, खरी निशाणी त्यात लपते. चारही कोपरे आणि शेवटचे तीन सेकंद थांबून पाहिले की पुरे.

हे सगळं आपल्या स्वतःच्या व्हिडिओबद्दल झालं. दुसऱ्याचा व्हिडिओ घेऊन त्यावरची निशाणी पुसणं ही वेगळी गोष्ट आहे. त्या निशाणीत कंपनीच्या चिन्हाशेजारी बनवणाऱ्याचं नावही असतं. ते पुसलं की एखाद्या कारागिराचं नाव त्याच्या हुनरापासून तुटतं. एप्रिल २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलं की तोच व्हिडिओ दोन ठिकाणी सापडला तर शिफारशींमध्ये उचललेल्या प्रतीऐवजी मूळ प्रत दाखवली जाईल. म्हणजे चिन्ह पुसूनही नक्कल ओळखली जाऊ शकते.

बंदीच्या वेळी ज्यांच्या फोनमध्ये कॅमेऱ्यातली मूळ फाईल होती, त्यांना फक्त नवी जागा शोधायची होती. ज्यांनी जागा वाचवण्यासाठी ती पुसून टाकली होती, त्यांचं काम दुसऱ्याच्या शिक्क्याखाली अडकून पडलं. फोन भरला म्हणून काही पुसायचंच असेल, तर उतरवलेल्या प्रती पुसा. कॅमेऱ्यातली पहिली फाईल मेमरी कार्डवर किंवा संगणकावर ठेवा, कारण आज ज्या अॅपवर आपण आहोत तेही कायमचं राहील असं नाही.